पासष्ट स्लाइड्स आणि पहिला महिना

नव्या माणसाचा पहिला दिवस बहुतेक कंपन्यांत एकाच जागी जातो: कॉन्फरन्स रूममध्ये, पडद्यासमोर. एचआरच्या मॅडम लॅपटॉप जोडतात आणि इंडक्शनचा डेक सुरू होतो. संस्थापकांचा फोटो, कंपनीची वाटचाल, रजेचे नियम, पीएफ, विमा, ईमेलचे नियम, लैंगिक छळ प्रतिबंधक समिती, कॅन्टीनच्या वेळा, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं. चार वाजता 'सर्व माहिती मिळाली' अशा कागदावर सही घेतली जाते. पुढच्या मंगळवारी तोच माणूस शेजारच्या टेबलावर वाकून विचारतो, "रजा कुठे टाकायची हो?"

तो डेक वाईट असतो असं नाही. माहिती बरोबर असते, बहुतेकदा चित्रंही चांगली असतात. अडचण क्रमात असते. प्रत्येक विभागाने आपापल्या चार-पाच स्लाइड्स पाठवलेल्या असतात आणि कुणीतरी त्या एकामागे एक जोडलेल्या असतात. म्हणजे तो क्रम सांगणाऱ्यांचा असतो. ऐकणाऱ्याचा महिना विभागवार येत नाही, तारखेवार येतो. सोमवारी त्याला गेटपास हवा असतो, बुधवारी बँकेचा तपशील द्यायचा असतो, दुसऱ्या आठवड्यात पहिलं काम अंगावर येतं आणि महिनाअखेर पगाराची पावती हातात पडल्यावर पीएफच्या स्लाइडवर काय होतं ते आठवत नाही.

म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी डेकची चेकलिस्ट करायला घेतात. आणि घेतल्या घेतल्या बिघडवतात. स्लाइडची शीर्षकं एका एक्सेल शीटमध्ये उतरवायची आणि प्रत्येकापुढे चौकोन काढायचा: 'पीएफ धोरण वाचले', 'आचारसंहिता वाचली', 'गुणवत्ता धोरण समजले'. हा डेकच असतो, फक्त उभा केलेला.

नीट करायचं तर कसं, ते एका उदाहरणावर पाहू. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा दीडशे माणसांचा एक कारखाना धरू. खरेदी विभागात नवी सहायक रुजू होते आहे. वय पंचविशीचं, आधी दुसऱ्या एका कंपनीत दोन वर्षं काम केलेली. डेक पासष्ट स्लाइड्सचा.

पहिलं काम शीटवर नाही, टेबलावर करायचं. स्लाइड्स छापून घ्यायच्या, एका कागदावर सहा आल्या तरी चालेल, आणि कापून पसरायच्या. प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: हे ऐकल्यावर माणूस नेमकं काय करणार? उत्तरात क्रियापद आलं, म्हणजे भरणार, शोधणार, भेटणार, तपासणार, तर ती 'करायची' स्लाइड. 'माहीत असायला हवं' असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न: पाठ असायला हवं, की लागेल तेव्हा सापडलं तरी पुरे? पन्नास किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला कुठला भत्ता मिळतो हे कुणी पाठ करत नाही. ते कुठे लिहिलंय एवढं कळलं की झालं. काही स्लाइड्स एकदा माणसाच्या तोंडून ऐकायच्या असतात. कंपनी कशी सुरू झाली ही गोष्ट मालकांनी स्वतः दहा मिनिटं सांगितली तर तिला अर्थ आहे. आणि काही स्लाइड्स नुसत्या काढून टाकायच्या. आपल्या कारखान्याच्या पासष्टपैकी अठरा करायच्या निघाल्या, सत्तावीस शोधायच्या, आठ ऐकायच्या आणि बारा रद्दीच्या, असं समजू. रद्दीचा गठ्ठा मोठा निघाला की विभागप्रमुखांचे फोन येतात. त्यांना सांगावं की स्लाइड फाडली, धोरण नाही.

चेकलिस्टमध्ये जातात त्या फक्त अठरा. पण एक स्लाइड म्हणजे एक ओळ असं नसतं. पीएफची स्लाइड घ्या. तिच्यावर पाच ओळी आहेत: कर्मचाऱ्याचा हिस्सा बारा टक्के, कंपनीचा हिस्सा, पेन्शन, यूएएन, वारसनोंद. ऐकणारा मान डोलावतो. यातून करायचं काय निघतं? पहिली गोष्ट, जुना यूएएन रुजू होतानाच्या घोषणापत्रात लिहून देणं. यूएएन आयुष्यभर एकच असायला हवा. तो सांगितला नाही आणि नवा काढला गेला, तर जुने पैसे एका क्रमांकावर आणि नवे दुसऱ्यावर राहतात, आणि पुढे ते एकत्र करायला अर्ज, खेटे, फोन. म्हणून ही ओळ पहिल्या दिवसाची. दुसरी गोष्ट, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी जुळते का ते पाहणं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत ही फार नेहमीची अडचण. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ही पहिल्या आठवड्यात. तिसरी, ऑनलाइन वारसनोंद. ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निवांत करता येते.

आणि चौथी ओळ महिन्यात मावतच नाही. कंपनीने एखाद्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर काही दिवसांनी पासबुकात नोंद दिसते. नव्या माणसाने 'माझा पीएफ खरंच जमा झाला' हे पाहायचं असेल, तर ते तीस दिवसांच्या यादीत होऊच शकत नाही. त्यामुळे चांगल्या यादीला एक शेपूट असतं: पुढच्या महिन्याच्या वीस-पंचवीस तारखेची एकच ओळ, 'पासबुक उघडून पाहा, नोंद नसेल तर पगारपत्रक विभागाला कळवा'. पहिल्या महिन्याची यादी पहिल्या महिन्यातच संपली पाहिजे, हा हट्ट कशाला?

इथून तारखांचा खरा घोळ लक्षात येतो. नव्या माणसाच्या पहिल्या महिन्यात दोन घड्याळं चालू असतात. एक त्याच्या रुजू होण्यापासून सुरू होतं: तिसरा दिवस, दहावा दिवस. दुसरं कंपनीच्या कॅलेंडरवर चालतं: पगाराची नोंद अमुक तारखेला बंद, साठ्याची मोजणी महिनाअखेर, गटविम्यात नाव चढवण्याची मुदत. 'पहिला आठवडा, दुसरा आठवडा' अशी यादी केली की फक्त पहिलं घड्याळ दिसतं. एक तारखेला आलेल्या माणसाचं काही बिघडत नाही. पण आपली सहायक २२ तारखेला, सोमवारी रुजू झाली आणि पगाराची नोंद २५ ला बंद होते असं धरा. यादीत 'बँकेचा तपशील द्या' ही ओळ पाचव्या कामाच्या दिवशी लिहिली आहे. २५ ला गुरुवार, आणि भोसरीत बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. म्हणजे पाचवा दिवस २७ ला येतो, आणि पगाराचं दार २४ लाच बंद झालेलं असतं. तिचे त्या महिन्याचे आठ-नऊ दिवस पुढच्या पगारात थकबाकी म्हणून निघतात. नव्या नोकरीचा पहिला पगार असा अडकला की बाकीच्या चौसष्ट स्लाइड्सनी कितीही स्वागत केलेलं असो.

यावर उपाय सोपा आहे. शीटमध्ये दोन्ही घड्याळं ठेवायची आणि जी तारीख आधी येते ती घ्यायची. `B1` मध्ये रुजू होण्याची तारीख, `A` स्तंभात कितवा कामाचा दिवस, `D` मध्ये कंपनीची बंद तारीख असेल तर ती, नसेल तर रिकामी. `H` मध्ये सणांच्या सुट्ट्या:

```
=MIN(WORKDAY.INTL($B$1-1, A5, "0001000", $H$1:$H$15), D5)
```

अवतरणातले सात आकडे म्हणजे सोमवार ते रविवार. एक जिथे आहे तो सुट्टीचा वार. इथे चौथा, म्हणजे गुरुवार. पुण्यातल्या शनिवार-रविवार बंद असणाऱ्या ऑफिसांनी चौथा शून्य करून शेवटचे दोन एक करावेत. `D` मध्ये बंद तारीख लिहिताना ती सुट्टीवर येत नाही ना, हे मात्र डोळ्यांनीच पाहायचं. आपल्या उदाहरणात तिथे २५ नाही, २४ लिहायला हवी.

आता ओळी किती? शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमुळे जगाला माहीत झालेले डॉ. अतुल गवांदे यांचं मूळ आपल्याकडचं. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची ती यादी एकोणीस ओळींची आहे, पण ती सलग वाचायची नाही. भूल देण्याआधी, पहिल्या छेदाआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी अशा तीन थांब्यांत ती विभागली आहे. बोइंगमध्ये वैमानिकांच्या याद्या तयार करणाऱ्या डॅनियल बोअरमन यांच्याकडून गवांदे यांनी घेतलेला नियमही साधा आहे: एका थांब्याला पाच ते नऊ ओळी. त्यापेक्षा वाढल्या की माणूस वाचणं सोडतो आणि टिक मारतो. आपल्या कामाला हा हिशेब बरोबर लागू पडतो. आठवडा म्हणजे एक थांबा; आठवड्याच्या शेवटच्या दिवशी वीस मिनिटं, साहेब आणि नवा माणूस समोरासमोर, यादी टेबलावर. तिथे सात ओळी तपासता येतात. तेवीस येत नाहीत.

अठरा स्लाइड्समधून तीसेक ओळी निघतात. त्या चार आठवडे, एक शेपूट आणि एक आधीचा आठवडा अशा वाटायच्या. आधीचा आठवडा नव्या माणसाचा नाहीच. त्यातलं एकही काम त्याच्या हातात नसतं: लॅपटॉप तयार, ईमेल चालू, खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन, गेटवर नाव, बसायला टेबल. ही कामं यादीत नसली तर पहिल्या आठवड्याच्या निम्म्या ओळी 'लॉगिन नाही म्हणून राहिलं' या एकाच कारणाने अडतात.

म्हणून प्रत्येक ओळीपुढे एक नाव हवं. विभागाचं नाही, माणसाचं. लग्नघरात 'हारांचं बघा रे कुणीतरी' म्हटलं की मुहूर्तापर्यंत हार येत नाहीत. 'आयटी' असं लिहिलेल्या ओळीचंही तसंच होतं. आणि नावं लिहायला लागल्यावर एक गोष्ट दिसते, जी डेकमध्ये कधीच दिसत नव्हती. तीसपैकी दहा-बारा ओळी साहेबांच्या असतात. गुगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात यासंबंधीचा एक प्रयोग सांगितला आहे. नवा माणूस येण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या मॅनेजरला एक छोटा ईमेल जायचा, त्यात पाचच कामं: जबाबदाऱ्यांबद्दल बोला, एक सोबती नेमून द्या, ओळखी करून द्या, पहिले सहा महिने दर महिन्याला भेट ठरवा, मोकळेपणाने बोलायला वाव द्या. ज्यांच्या मॅनेजरांनी हे केलं, ती माणसं इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के लवकर पूर्ण कामाला लागली. यादी मॅनेजरला दिली होती, नव्या माणसाला नाही, हे त्यातलं लक्षात घेण्यासारखं. आपल्याकडे यादी नव्या माणसाच्या हातात देऊन साहेब मोकळे होतात.

आता आठवडे. पहिला आठवडा ओळखीचा आणि कागदांचा. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, वर बरंच येऊन गेलं. फक्त सुरक्षेच्या ओळी 'पहिल्या आठवड्यात' असं मोघम लिहून चालत नाही. शॉप फ्लोअरवर पाऊल टाकण्याआधी सेफ्टी शूज, गॉगल, पिवळ्या पट्ट्यांची वाट आणि आणीबाणीचं दार झालंच पाहिजे. तिला तारीख नसते, अट असते. यादीत तशी एखाद-दुसरी ओळ असते आणि ती लाल रंगात, सगळ्यात वर.

खरी मजा दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात आहे, कारण डेकमध्ये इथे सर्वांत कमी असतं. खरेदीचा व्यवहार डेकमध्ये एका स्लाइडवर असतो: मागणीपासून पैसे देईपर्यंत सात चौकोन, मधे बाण. त्या एका स्लाइडचा दुसरा आठवडा असा झाला:

एक. गेल्या महिन्यातली एक पूर्ण झालेली पीओ सिस्टिममध्ये शोधा. तिची मागणी कुणी केली ते लिहा.
दोन. त्याच पीओची जीआरएन शोधा आणि स्टोअरमध्ये जाऊन ती ज्यांनी केली त्यांना भेटा.
तीन. त्याच मालाचं बिल शोधा; पीओ, जीआरएन आणि बिल या तिन्हीवरची संख्या आणि दर एका कागदावर शेजारी शेजारी मांडा.
चार. पैसे कधी दिले ते अकाउंट्समधून शोधा. बिल कधी आलं, पैसे कधी गेले, मधले दिवस मोजा.
पाच. तो पुरवठादार 'उद्यम' नोंदणीकृत आहे का, आणि ते कुठे लिहिलेलं असतं, ते पाहा.
सहा. सोबत्याच्या शेजारी बसून एक नवी पीओ तयार करा. मंजुरीसाठी त्याने पाठवायची.

प्रत्येक ओळीचा शेवट काहीतरी हाती लागण्यात होतो: एखादा क्रमांक, नाव, दिवसांची संख्या. पाचवी ओळ वरवर किरकोळ वाटेल. पण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. मुदत चुकली तर व्याज लागतं. शिवाय तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच वजा मिळतो. डेकमध्ये हे 'पुरवठादारांशी न्याय्य व्यवहार' या शीर्षकाखाली एका सुंदर वाक्यात होतं. चौथी आणि पाचवी ओळ स्वतः करून पाहिलेल्या सहायकेला ते वाक्य पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तीच कामं ती स्वतः करते आणि सोबती बघतो. इथे एक युक्ती चांगली चालते: मुद्दाम न जुळणारं प्रकरण द्यायचं. जुन्या फायलींतून एखादं शोधा, ज्यात पीओ ५०० बोल्टची, जीआरएन ४८० ची आणि बिल पुन्हा ५०० चं आहे. तिला एवढंच सांगायचं: हे पुढे पाठव. तिने ते तसंच पाठवलं, तर तीन कागद मांडण्याची दुसऱ्या आठवड्यातली ओळ नुसतीच टिकली होती हे कळलं. तिने थांबवून स्टोअरला आणि पुरवठादाराला विचारलं, तर चौथ्या आठवड्यात तिला ठरावीक रकमेपर्यंतच्या पीओ एकटीने करू द्यायला हरकत नाही. ती रक्कम साहेबांनी आधीच यादीत लिहून ठेवायची, नाहीतर चौथा आठवडा 'बघू हळूहळू' मध्ये जातो.

ओळ 'करायची' आहे की नुसती 'वाचायची', हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते लैंगिक छळ प्रतिबंधाच्या स्लाइडवर. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी आणि बाहेरची एक सदस्य हवी. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावायचा असतो. 'धोरण वाचले' या ओळीला टिक मारून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी 'समितीचा फलक कुठे आहे ते शोधा; अध्यक्षांचं आणि बाहेरच्या सदस्यांचं नाव लिहा' अशी ओळ लिहून पाहा. बऱ्याच कारखान्यांत या ओळीने नव्या माणसाआधी कंपनीचीच परीक्षा होईल: फलक रंगकामात काढलेला असतो, किंवा त्यावर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बाईंचं नाव असतं.

यादी मेली आहे हे ओळखायला फार शहाणपण लागत नाही. सगळ्या टिका एकाच दिवशी, एकाच शाईत, बहुधा तिसाव्या दिवशी दुपारी मारलेल्या असतात, कारण एचआरने फाइल मागितलेली असते. किंवा साहेबांच्या ओळी कोऱ्या आणि नव्या माणसाच्या सगळ्या भरलेल्या. किंवा तीन महिन्यांत आलेल्या चार जणांच्या याद्यांवर एकही खाडाखोड नाही. जिवंत यादीवर खाडाखोड असतेच: ही लिंक चालत नाही, हे लॉगिन आता दुसऱ्या पानावर आहे, इथे अमुक साहेबांऐवजी तमुक. शेवटच्या भेटीत ती खाडाखोड एचआरकडे गेली आणि पुढच्या माणसाच्या यादीत उतरली, तर यादी टिकते. यासाठीही एक नाव हवं, 'एचआर' नव्हे.

यादीला काही गोष्टी येत नाहीत. दरासाठी कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं, स्टोअरच्या कुठल्या काकांना 'तातडीचं आहे' म्हटलेलं चालतं आणि कुणाला चहाच्या वेळी गाठावं लागतं, हे ओळीत लिहिता येत नाही. लिहायचा प्रयत्नही करू नये. त्यासाठी सोबती असतो. आणि आयटी कंपनीत किंवा बँकेत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या ओळी सगळ्याच वेगळ्या निघतील. आपल्या कारखान्याची यादी उचलून तिथे चिकटवली तर ती पुन्हा दुसऱ्याचाच डेक ठरेल.

उरलेल्या डेकचं काय? सत्तावीस शोधायच्या स्लाइड्स एका फोल्डरमध्ये जातात, स्लाइडच्या नव्हे तर प्रश्नाच्या नावाने: 'रजा कुठे टाकायची', 'प्रवासभत्ता किती', 'विमा कार्ड हरवलं तर'. ऐकायच्या आठ स्लाइड्स राहतात पहिल्या सकाळच्या. मालकांनी त्यांची गोष्ट सांगायची, सेफ्टी ऑफिसरने त्यांची. अकराच्या चहापर्यंत कॉन्फरन्स रूम रिकामी होते आणि सहायक आपल्या टेबलावर जाऊन यादीतली पहिली ओळ वाचते: यूएएन.